टिक राहिली

आमच्या लालबागच्या चाळीत, रामजी भुवनात, लोकांना नवीन घर कधी मिळणार याची जेवढी काळजी नाही, तेवढी व्हिडिओत आपण दिसतो की नाही याची आहे. मागच्या सभेचं शूटिंग मी साध्या कॅमेऱ्याने केलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासायच्या आत चार जणी दारात. "दीपिका, माझी नुसती पाठ आलीय." "दीपिका, त्या तिसऱ्या मजल्यावालीला तीनदा दाखवलंस, आम्ही काय पाप केलंय?" मी म्हटलं, बायांनो, ती पुनर्विकासाची सभा होती, बारसं नव्हतं. पण ऐकतंय कोण!

म्हणून या वेळी सेक्रेटरी हितेंद्र स्वतः येऊन म्हणाला, "तुझा तो गोल कॅमेरा आण. सगळे दिसले पाहिजेत. कटकटच नको."

हे वाक्य त्याचं आहे, माझं नाही. लिहून ठेवते, कारण पुढे तो ते सोयीस्कर विसरला.

माझा स्टुडिओ हिंदमाताला, साडीच्या दुकानाच्या वरच्या पोटमाळ्यावर. स्टुडिओ म्हणायचं म्हणून म्हणायचं. मी, कॉम्प्युटर, एक पंखा आणि एक पाहुण्याची खुर्ची. पाहुणा बसला की मला बाहेर पडायला त्याला उठवावं लागतं. लग्नं करते, मुंजी करते, आणि हल्ली बिल्डरांचे सॅम्पल फ्लॅट शूट करते. त्या फ्लॅटांसाठीच गोल कॅमेरा घेतला. त्याला पुढे एक आणि मागे एक अशी दोन भिंगं असतात, दोन्ही एकदम चालतात, आणि दोन्हीची चित्रं जोडली की वर-खाली-आजूबाजूला सगळं मिळतं. मोबाइलवर बोट फिरवायचं आणि हवं तिकडे बघायचं. सॅम्पल फ्लॅटमध्ये मी शूटिंग चालू केलं की बाहेर पळते, कारण या कॅमेऱ्याच्या पाठीमागे उभं राहायला जागाच नसते. पाठीमागे असं काही नसतंच.

सभेत मात्र पळता येत नव्हतं. मी सभासद आहे. बाबा गेल्यावर खोली माझ्या नावावर झाली.

सभा रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये झाली. मधोमध स्टँड लावून सात फुटांवर कॅमेरा चढवला आणि कुणी पोराटोरांनी पाडू नये म्हणून बुडाशी मीच उभी राहिले. पुढे स्टेजवर हितेंद्र, कमिटी, आणि निबंधक कार्यालयातून आलेले एक चष्मेवाले साहेब. मागे दाराजवळ शेवटच्या रांगेत तळमजल्याची चार घरं. तिथेच शांताकाकी.

शांताकाकीची ओळख करून द्यायला हवी. आमच्या खोलीच्या बरोबर खाली तिची खोली. नवरा गिरणीत होता, संपानंतर घरी बसला तो बसलाच. तेव्हापासून काकी खोलीच्या पुढच्या भागात मालवणी मसाला विकते. मिरच्या भाजायला घेतल्या की आमचं घर शिंकून शिंकून हैराण होतं. मी दहावीला असताना आई हॉस्पिटलात होती, तेव्हा दोन महिने मी हिच्याकडे जेवले. आणि आता आईचे गुडघे गेल्यावर रोज दुपारी वर येऊन त्यांना तेल चोळून देणारी हीच.

बिल्डरच्या नकाशात तळमजल्यावर पार्किंग आणि मोठी शोरूम. काकीसारख्या चार घरांना सगळ्यांसारखेच वर फ्लॅट. कागदोपत्री त्यांच्या खोल्या राहत्या, दुकान म्हणून नोंद नाही. आता चौदाव्या मजल्यावर येऊन कोण पाव किलो मसाला घेणार? काकीचं म्हणणं एवढंच होतं की खाली एक गाळा द्या आणि ते लेखी द्या. तिने कुणाकडून तरी हरकतीचा अर्ज लिहून आणला होता.

शनिवारी संध्याकाळी ती मला म्हणाली, "दीपे, उद्या मी उभी रवतलंय. तू हात वर करू नको हां. एक वरच्या मजल्याचा मानूस आमच्या बाजून असला तर बरा दिसता."

"नाही करत गं काकी. सांगायला हवं का?"

असं मी म्हटलं. अगदी सहज.

आणि रविवारी हितेंद्रने माइकवर विचारलं, "मंजूर असेल त्यांनी हात वर करा," तेव्हा हॉलभर हात वर गेले आणि त्यात माझाही गेला.

का गेला? खरं सांगायचं तर मला घरात संडास हवा आहे. बस. आमच्या गॅलरीच्या टोकाला चार संडास, त्यातला एक कायम बंद. आई रात्री दोनदा उठते. भिंतीला धरून, एक पाय ओढत, बावीस पावलं जाते नि बावीस येते. मी मोजलीत. ती येईपर्यंत मी अंथरुणात डोळे मिटून ऐकत असते, कारण सोबत गेलं तर तिला लाज वाटते. सभेत त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर शांताकाकी नव्हती, पांढऱ्या टाइल्सचा, पाच पावलांवरचा संडास होता. हात वर गेला आणि लगेच खाली आला. मी मागे वळून पाहिलं नाही. वळायची हिंमतच झाली नाही.

त्याच वेळी मागे काकी उभी राहून ओरडत होती, "माझी हरकत आसा!" पण हितेंद्र माइकवर "मंजूर, मंजूर, एकमताने मंजूर" करत होता आणि पुढच्या रांगा टाळ्या वाजवत होत्या. जाताना चष्मेवाले साहेब मला म्हणाले, "रेकॉर्डिंग पूर्ण पाहिजे. काही कापायचं नाही, काही चिकटवायचं नाही. एकच लिंक, सगळ्या सभासदांना दिसेल अशी. शुक्रवारपर्यंत."

पायऱ्यांवर काकीने माझा दंड धरला. "माझा आवाज कोणाक गेलो नाय गो. तुझ्या कॅमेऱ्यात इलंय मां मी?"

"काकी, तो चारी बाजूंनी बघतो. काळजीच करू नकोस."

ती कशी खूश झाली! मला तेव्हाच धरणीने पोटात घ्यायला हवं होतं.

सोमवारी सकाळी स्टुडिओत बसले. चहाच्या सुट्टीत बॅटरी बदलली होती, त्यामुळे दोन फाइली होत्या. दोन्ही भिंगांची चित्रं जोडली आणि आधी मागे फिरवलं. काकी होती. स्वच्छ होती. उजव्या हातात अर्ज, डावा हात हवेत, तोंड उघडं. आवाजात नुसता हितेंद्र आणि टाळ्या, पण चित्रात कुणालाही कळलं असतं की ही बाई विरोध करतेय. बाकीची तीन घरंही हात घट्ट बांधून बसलेली. एकमताने कसलं डोंबलाचं!

मग मी चित्र खाली फिरवलं. कॅमेऱ्याच्या बुडाशी एक बाई, केसांत पांढरा भांग, एक हात स्टँडवर आणि दुसरा वर. वरून घेतल्यामुळे तिचा तळवा थेट भिंगाच्या तोंडाशी आलेला. हात मोठा आणि बाई छोटी. शिक्का मारल्यासारखी मी.

मी चित्र पुन्हा वर फिरवलं.

तेवढ्यात जिना वाजला आणि हितेंद्र आला. पाहुण्याच्या खुर्चीत बसला. म्हणजे माझं दार बंद.

"झालं का गं? जरा दाखव."

दाखवलं. माउसने फिरवून बघताना तो पोरासारखा खूश झाला, स्वतःवर दोनदा थांबला. मग मागे गेला आणि त्याचं तोंड उतरलं.

"हे असं जाणार? कोणीही कुठेही बघणार?"

"तूच म्हणालास सगळे दिसले पाहिजेत."

"अगं दिसले पाहिजेत म्हणजे..." तो घुटमळला. "हे सपाट नाही का करता येत? साध्या व्हिडिओसारखं?"

येतं. कोण नाही म्हणतंय? तेच तर माझं रोजचं काम. गोल चित्रातून एक चौकट उचलायची. आता वक्ता, आता पहिली रांग, आता टाळ्या. प्रत्येक क्षणी कुठे बघायचं ते मी ठरवायचं आणि बाकीचं सोडून द्यायचं. लग्नात मी असंच करते, रुसलेला मामा सोडून देते.

"मग कर की. पूर्ण दोन तास. मी कुठे काप म्हणतोय? एक मिनिट कापू नकोस. फक्त कॅमेरा स्टेजकडे ठेव."

ऐकलंत? एक सेकंद न कापता आख्खी काकी कापायची. माणूस वकील व्हायचा तो सेक्रेटरी झाला.

"नाही करणार," मी म्हटलं. "साहेबांनी पूर्ण मागितलंय."

हितेंद्र चिडला नाही. तेच वाईट. त्याने खुर्ची आणखी पुढे ओढली आणि हळू आवाजात म्हणाला, "दीपिका, मी स्टेजवर होतो. माझं तोंड हॉलकडे होतं. तुझा हात मी बघितलाय."

मी स्क्रीन बंद केली.

"मला आनंदच झाला. आईचे हाल मला कळत नाहीत का? पण तू आख्खा गोळा टाकलास तर काकी स्वतःला शोधणार, मग शेजारी-पाजारी कोण ते बघणार, मग कधीतरी खाली बघणार. नाही बघितलं तर मी दाखवेन. सपाट टाकलंस तर तूही नाहीस आणि ती कटकटही नाही."

"मी खाली माझा लोगो लावेन," मी फटकन म्हटलं. फ्लॅटांच्या शूटिंगमध्ये आम्ही तसंच करतो, स्टँड झाकायला खाली गोल लोगो चिकटवतो.

"लाव की," तो म्हणाला. "मग मीच साहेबांना सांगेन, यात चिकटवाचिकटवी केलीय, यावर विश्वास ठेवू नका. काकीच्या हरकतीसकट सगळंच बाद." उठून त्याने शर्ट झटकला. "विचार कर. आपल्याच घरातली म्हणून सांगतोय."

तो गेल्यावर मी शिव्या घातल्या. पंख्याला, कॉम्प्युटरला, स्वतःला. मेल्याने चारी बाजूंनी बरोबर कोंडलं होतं. सपाट केलं तर काकी जाते. गोल ठेवलं तर मी उघडी पडते. झाकलं तर दोघींचंही जातं. आणि घरी जावं तर जिन्यात खालीच काकीचं दार, ते टाळून वर जायला दुसरा रस्ता नाही.

त्या संध्याकाळी ती दारातच बसली होती. "झाला काय गो?" मी म्हटलं, जड फाइल आहे काकी, वेळ लागतो. तिने बशीत घावणे दिले, आईला आणि मला. मी ते खाल्ले.

मंगळवारी दोन फाइली एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडून एक केल्या. आता इथे थोडं समजून घ्या, कारण सगळी भानगड इथेच आहे. गोल व्हिडिओ फाइलमध्ये असतो तो खरं तर सपाटच. पृथ्वीचा गोल उलगडून भिंतीवरचा नकाशा करतात तसा. रुंदी उंचीच्या दुप्पट. फाइलच्या आत एक चिठ्ठी असते, मेटाडेटा म्हणतात तिला. त्यात लिहिलेलं असतं की हे गोल आहे, पुन्हा गुंडाळून दाखवा. चिठ्ठी असली की वेबसाइट बोटाने फिरवू देते. चिठ्ठी नसली की उलगडलेलं वाकडंतिकडं चित्र तसंच दाखवते. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधून फाइल बाहेर काढली की ती चिठ्ठी गळून पडते. पडू नये म्हणून शेवटच्या खिडकीत, पार खाली, एक छोटा चौकोन असतो. त्यात टिक करायची.

मी आजवर दोनशे वेळा तरी ती टिक केली असेल. मंगळवारी राहिली.

विसरले असं म्हणायला मला फार आवडेल. पण खिडकी उघडली, खाली सरकवली, चौकोन दिसला, आणि मी चहा सांगायला उठले. परत आल्यावर सरळ एक्स्पोर्ट दाबलं. मी काही ठरवलं नव्हतं. ठरवायची वेळ येऊ नये एवढीच व्यवस्था केली.

फाइल तयार व्हायला दुपार गेली, अपलोडला संध्याकाळ. बुधवारी सकाळी चाळीच्या ग्रुपवर लिंक टाकली आणि फोन उलटा ठेवला.

अर्ध्या तासात धिंगाणा. "हे काय आहे?" "स्टेज बसक्या टोपीसारखं का दिसतंय?" "माझं डोकं लांबुळकं झालंय." "पैसे परत घ्या." बोट फिरवलं तर काही फिरत नव्हतं. खालच्या कडेला पूर्ण रुंदीभर एक तपकिरी-निळा पट्टा सांडलेला दिसत होता. तो पट्टा म्हणजे मी. हात, भांग, ड्रेस, सगळं असं ताणलं गेलं होतं की जन्मदात्रीने ओळखलं नसतं.

हितेंद्रचा फोन आला. हसत होता. "वा गं वा! राहू दे असंच. साहेबांना सांगू, टेक्निकल झालंय. तू पण सुटलीस, मी पण सुटलो."

मी पण सुटले. खरंच वाटलं तसं दोन तास. गाणं लावलं, एका मुंजीचं काम काढलं. कुणीही कधी बोट दाखवू शकलं नसतं. एक टिक राहिली, राहते कधी कधी.

दुपारी जेवायला घरी गेले तर काकी आईचे गुडघे चोळून झाल्यावर खाटेच्या कडेला बसलेली. हातात तिचा फोन, काच तडकलेली. चष्मा नाकावर ओढून स्क्रीनला नाक लावलेलं.

"इलंस? बरा झाला. माका सांग, ह्यात मी खंय आसंय?"

मी फोन घेतला. काकी कॅमेऱ्याच्या बरोबर मागे उभी होती. उलगडलेल्या चित्राला तिथेच चिरतात. डाव्या कडेला तिचा एक खांदा आणि अर्धं तोंड, उजव्या कडेला दुसरा खांदा. अर्ज धरलेला हात एका टोकाला, वर केलेला हात दुसऱ्या टोकाला. मधे सगळा हॉल, सगळी चाळ, आणि बरोबर मध्यावर हितेंद्र.

"ही तू," मी डावीकडे बोट ठेवलं. "आणि... ही पण तूच." उजवीकडे.

काकी एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. मग तिने पदराने काच पुसली. पुन्हा बघितलं. "माझोच फोन जुनो," ती म्हणाली. "तुझो नाय दोष. तू तरी काय करतलंस."

आई खाटेवरून म्हणाली, "अगं शांता, ही बघेल की. हिचं कामच आहे ते."

मला असं रडू फुटलं की ताट तसंच ठेवून चप्पल घालून मी खाली उतरले. लालबाग ते हिंदमाता चालत गेले. रस्ताभर स्वतःशी मोठ्याने बोलत होते, लोक वळून बघत होते, बघेनात का. तिने माझ्यावर संशय घेतला असता तरी चाललं असतं. भांडली असती तर मीही भांडले असते, मला भांडता येतं. फोन पुसून पुसून बघत बसली ती, हे मला सहन होईना.

स्टुडिओत जाऊन मेटाडेटा घालायचं छोटं सॉफ्टवेअर उघडलं. फाइल पुन्हा बनवायला लागत नाही, फक्त आत चिठ्ठी घालायची असते. त्यात एक प्रश्न असतो, व्हिडिओ गोल आहे का. तिथे टिक केली. दोन मिनिटं लागली, नवी प्रत तयार झाली. एवढंच काम होतं ते. अपलोड झालेला व्हिडिओ बदलता येत नाही, म्हणून जुना काढून टाकला आणि नवा चढवला. संध्याकाळी चढला, तरी आधी तसाच ताणलेला दिसत होता. वेबसाइटला गोल करून दाखवायला थोडा वेळ लागतो, हे माहीत असूनही माझा जीव खालीवर. गुरुवारी सकाळी उघडला, बोट फिरवलं, आणि हॉल फिरला.

लिंक आधी साहेबांना पाठवली. खाली लिहिलं, "शेवटच्या रांगेत दाराजवळ सौ. शांता यांनी हरकत नोंदवली आहे, एक तास बेचाळीस मिनिटांवर कॅमेरा मागे फिरवून पाहावा. चहाच्या सुट्टीत बॅटरी बदलल्यामुळे दोन फाइली जोडल्या आहेत, बाकी काही केलेलं नाही." मग ग्रुपवर टाकली. पाच मिनिटांत हितेंद्रचा मेसेज. "ठीक आहे. आता काकीला खाली बघायला सांगतो."

"थांब," मी लिहिलं. "मीच सांगते."

जेवायच्या वेळी घरी आले आणि जिना चढायच्या ऐवजी काकीच्या दारात थांबले. ती मिरच्या निवडत बसली होती. मी शेजारी जमिनीवर बसले, माझा फोन तिच्या हातात दिला, तिची तर्जनी धरली. बोटाला मसाल्याचा रंग लागलेला, स्क्रीनवर लाल ठसा उमटला.

"हे असं ओढायचं काकी. ओढ. अजून ओढ."

स्टेज गेलं, खिडक्या गेल्या, भिंत गेली, आणि दार आलं. दाराशी ती स्वतः, उभी, अख्खी. अर्ज हातात, एक हात वर.

"अगो बाय!" काकी ओरडली. "ही मी! बघ, बघ कशी उभी आसंय!" तिने फोन छातीपाशी धरला, पुन्हा लांब धरला. "कागद पण दिसता. आता बघूया एकमत कसा म्हणतत तां."

तिने ते तीनदा बघितलं. मी तिला मनसोक्त बघू दिलं. मग मी पुन्हा तिचं बोट धरलं.

"काकी, अजून एक दाखवायचंय. आता वरच्या बाजूला ओढ. म्हणजे खालचं दिसेल."

तिने बोट उचलून घेतलं.

"नको," ती म्हणाली.

"बघ गं. तुला बघायलाच हवं. मी..."

"तुझो हात मां?" तिने फोन माझ्या मांडीवर ठेवला आणि सूप पुढे ओढलं. "माका ठावक आसा. मी तुझ्या मागेच उभी होतंय मगो, दीपे."

चार दिवस मी दोन भिंगांचा विचार केला होता, चिठ्ठीचा, लोगोचा, वर-खालीचा. ही बाई माझ्या मागे दहा पावलांवर दोन डोळे उघडे ठेवून उभी होती, हे एकदाही डोक्यात आलं नाही.

"मग त्याच दिवशी बोलली का नाहीस? वर मलाच विचारलंस, कॅमेऱ्यात आलेय का म्हणून."

"दुसऱ्या कोणाक विचारू?" तिने एक सडकी मिरची उचलून बाजूला टाकली. "तुझ्या आवशीचे गुडघे मीच चोळतंय. हात कित्याक वर गेलो तां माका कळता. पण तू येऊन सांगशीत म्हणान चार दिस वाट बघलंय. घावणे दिलंय, तरी तू गप."

तिने रागही केला नाही नि जवळही घेतलं नाही. मी सुपातल्या मिरच्या निवडायला हात घातला, तर तिने तो हळूच बाजूला केला.

"तू वर जा. आवस जेवची रवली आसा."

मी उठले आणि जिना चढायला लागले. मागे ती एकटीच मिरच्या निवडत होती. त्या दिवशी दुपारी ती तेल घेऊन वर आली नाही. आईने दोनदा विचारलं, शांता कशी आली नाही. मी सांगितलं, काम असेल. मग वाटी आणून मी स्वतः आईचे गुडघे चोळायला बसले, आणि तेव्हा कळलं की कुठे दाबायचं आणि कुठे दाबायचं नाही हे मला ठाऊकच नाही.